ईटीपीची टाकी ओसंडून सांडपाणी नाल्यात गेलं, तर काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

ईटीपी म्हणजे कारखान्याचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र. तिथली टाकी ओसंडल्याचं कळताच बहुतेक ठिकाणी एकच क्रम दिसतो. ऑपरेटर धावत जाऊन बंद पडलेला पंप चालू करतो, मग होज घेऊन गटार धुतलं जातं, मग मॅनेजरला फोन होतो आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवायचं की नाही यावर दुपारपर्यंत चर्चा चालते. संध्याकाळी कुणीतरी विचारतं, "किती पाणी गेलं?" तोवर उत्तर देण्यासाठी लागणारी प्रत्येक खूण धुऊन गेलेली असते. मग कागदावर "अंदाजे १ ते २ घनमीटर" असा आकडा पडतो आणि तो पुढे कुठेच टिकत नाही.

हा क्रम उलटवण्यासाठी हा लेख आहे. उदाहरण एका दूध प्रक्रिया कारखान्याचं घेतलं आहे. तिथल्या ईटीपीची जबाबदारी तेव्हा माझ्याकडे होती. कारखान्याचं सांडपाणी आधी जिथे साठतं त्या इक्वलायझेशन टाकीतून पाणी पुढे प्रक्रियेला ढकलणारा फीड पंप रात्री ट्रिप झाला, टाकी भरली, पाणी भिंतीवरून पावसाळी गटारात आणि गटारातून ओढ्याला गेलं. त्या रात्री आम्ही काही गोष्टी बरोबर केल्या, काही चुकवल्या. दोन्ही खाली येतील.

## टप्पा ० : आधीची तयारी

ही तयारी अर्ध्या दिवसात होते. तिच्याशिवाय पुढचे टप्पे अंदाजावर चालतात.

टाकीच्या आतल्या भिंतीवर दर १० सेंटीमीटरला रंगाची रेघ मारा आणि मीटरचे आकडे मोठे लिहा. टाकीचं क्षेत्रफळ काढून दर १० सेंटीमीटरला किती घनमीटर बसतात ते शेजारच्या पाटीवर लिहून ठेवा. आमची टाकी ८ मीटर लांब, ५ मीटर रुंद, म्हणजे ४० चौरस मीटर, आणि १० सेंटीमीटरला ४ घनमीटर. काठाची उंची ३.५ मीटर. एवढं पाटीवर असेल तर मध्यरात्री नवखा ऑपरेटरही हिशेब मांडू शकतो.

फीड पंपाला तास मोजणारा मीटर बसवा. तो शेकड्यांत मिळतो. पंप नेमका कधी बंद पडला हे सांगणारं दुसरं भरवशाचं साधन बहुतेक ईटीपींत नसतं.

तिसरी गोष्ट नकाशा. कारखान्याचं पावसाळी गटार कुठे वळतं, कुठे प्लॉटबाहेर पडतं आणि कोणत्या नाल्याला मिळतं, हे एकदा स्वतः चालत जाऊन पाहा. आमचं गटार टाकीपासून ओढ्याच्या तोंडापर्यंत ३०० मीटर होतं. त्या तोंडाशी वाळूने भरलेल्या वीस-पंचवीस गोण्या आणि जाड ताडपत्री कायम ठेवा. गोण्या स्टोअरमध्ये असतील आणि स्टोअरची किल्ली सकाळी नऊला येणार असेल, तर त्यांचा उपयोग नाही.

शेवटी फोनची यादी ईटीपीच्या खोलीत आणि गेटवर लावा. कोणाकोणाला कळवायचं ते टप्पा ४ मध्ये आहे.

तपासा: रात्रपाळीच्या ऑपरेटरला विचारा, "आत्ता पातळी किती आहे आणि काठ किती दूर आहे?" उत्तरासाठी त्याला कुणाला फोन करावा लागला, तर तयारी झालेली नाही.

## टप्पा १ : आधी येणारं पाणी थांबवा

पंप चालू करण्याकडे धावू नका. पंप ज्या कारणाने ट्रिप झाला ते कारण अजून तिथेच असतं. आमच्याकडे इम्पेलरमध्ये प्लॅस्टिकची पिशवी अडकली होती. ऑपरेटरने तीन वेळा स्टार्टर दाबला, तिन्ही वेळा रिले पडला आणि त्यात दहा मिनिटं गेली. तेवढ्या वेळात दोन घनमीटर पाणी आणखी बाहेर गेलं. शिवाय पंप चालू झाला असता तरी तो ताशी ६ घनमीटर ओढतो आणि टाकीत ताशी १२ येत होतं. म्हणजे ओसंडणं थांबलंच नसतं.

पहिला फोन उत्पादन विभागाला करा. धुलाई थांबवायची, सीआयपीचं, म्हणजे यंत्रं न उघडता आतून धुण्याचं, चक्र पुढे सुरू करायचं नाही, फरशी धुणं बंद. कलेक्शन पिटमधून टाकीकडे पाणी ढकलणारा पंप बंद करा, पण तो पिट स्वतः भरून वाहू लागणार नाही ना, हे आधी पाहा.

सावधान: पाणी पॅनेलपर्यंत आलं असेल तर मेन स्विच बंद झाल्याशिवाय त्या भागात पाऊल टाकू नका. आणि पंप मोकळा करायला कुणालाही टाकीत किंवा पिटमध्ये उतरवू नका. साचलेल्या सांडपाण्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. जास्त प्रमाणात असला की त्याचा वास येणं बंद होतं आणि माणूस काही श्वासांत कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. सबमर्सिबल पंप साखळीने वर ओढूनच साफ करायचा.

## टप्पा २ : पातळी आणि वेळ लिहा, मगच पुढे

हा टप्पा दोन मिनिटांचा आहे आणि जवळजवळ सगळे तोच गाळतात. एक जण उत्पादनाला फोन करत असताना दुसऱ्याने या गोष्टी मोजायच्या. ऑपरेटर एकटाच असेल तर आधी फोन, मग मोजणी.

1. घड्याळातली वेळ.
2. पाणी भिंतीवरून किती लांबीत सांडतंय.
3. काठावर पाण्याचा थर किती जाड आहे. पट्टी थेट काठावर लावू नका, कारण तिथे पाणी खाली झुकलेलं असतं आणि थर पातळ दिसतो. काठापासून हातभर आत, टाकीच्या बाजूला, पाण्याची पातळी काठाच्या किती वर आहे ते मोजा.
4. पंपाच्या तास-मीटरचं आणि पाण्याच्या मीटरचं रीडिंग.
5. गटारातल्या पाण्याची रुंदी, खोली आणि वेग. गोण्या टाकण्याआधी. ओसंडण्याच्या जागेच्या वरच्या बाजूने गटारात आधीच पाणी येत असेल, तर तेही वेगळं मोजा.

प्रत्येक गोष्टीचा पट्टीसह फोटो घ्या. फोटोत वेळ आपोआप नोंदली जाते.

आमच्या नोंदी अशा होत्या. ४ वाजून ५५ मिनिटांनी भिंतीच्या खचलेल्या दीड मीटर भागातून पाणी सांडत होतं आणि थर १३ मिलिमीटर होता. पंपाच्या तास-मीटरवर रात्री दहाच्या नोंदीपेक्षा बरोबर दीड तास जास्त होता. गटार ६० सेंटीमीटर रुंद, त्यात ४ सेंटीमीटर पाणी. सुकी काडी टाकून १० मीटर अंतर तीनदा मोजलं, सरासरी ५५ सेकंद. वरच्या बाजूचं गटार कोरडं होतं. ५ वाजता आवक थांबली आणि ५ वाजून १० मिनिटांनी काठावरून सांडणं बंद झालं.

## टप्पा ३ : गटाराचं तोंड अडवा

गोण्या टाकीपाशी नाही, गटाराच्या शेवटाला टाका. सांडणं थांबलं तरी गटारात आधीच उतरलेलं पाणी पुढे वाहतच असतं. आमच्या गटारात त्याला ३०० मीटर कापायला अर्धा तास लागत होता, म्हणजे सांडणं थांबलं तेव्हा साधारण सात घनमीटर पाणी अजून वाटेतच होतं. ते तोंडाशी अडवता आलं. ताडपत्री आतल्या बाजूने, तळापर्यंत पसरवा, त्यावर गोण्या विटांसारख्या सांधे चुकवत रचा. अडलेलं पाणी टँकरने उपसा आणि प्रत्येक खेपेची नोंद ठेवा. आम्ही ८ घनमीटर परत आणलं.

मुसळधार पाऊस चालू असेल तर पूर्ण बांध घालू नका. गटार उलटं फुगून शेजारच्या प्लॉटमध्ये शिरतं.

या तीन गोष्टी करू नका:

होजने गटार धुऊ नका. त्याने प्रदूषण कमी होत नाही, ते फक्त ओढ्यात ढकललं जातं, आणि अडवता आलं असतं ते पाणीही हातचं जातं.

गटारात चुना, ॲसिड किंवा हायपोक्लोराइट ओतू नका. पाण्यात काय आहे ते मोजल्याशिवाय ओतलेलं रसायन मासे मारायला पुरेसं असतं, आणि नंतर नमुन्यात तेच सापडतं.

टाकी हलकी करण्यासाठी कच्चं पाणी प्रक्रिया झालेल्या पाण्याच्या लाइनमध्ये वळवू नका. ओसंडणं हा अपघात असतो. बायपास केला की ते जाणूनबुजून केलेलं कृत्य होतं.

## टप्पा ४ : फोन करा, पक्का आकडा नसला तरी

जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम ३१ नुसार अपघाताने प्रदूषित पाणी प्रवाहात, विहिरीत, मलवाहिनीत किंवा जमिनीवर जात असेल, किंवा जाण्याची शक्यता असेल, तर त्या जागेच्या प्रभारी व्यक्तीने राज्य मंडळाला विनाविलंब कळवायचं असतं. "जाण्याची शक्यता" हे शब्द नीट वाचा. पाणी ओढ्यापर्यंत पोचलंच हे सिद्ध होईपर्यंत थांबायची मुभा त्यात नाही. आणि पहिल्या फोनला अचूक आकडाही लागत नाही.

माझ्या अनुभवात सगळ्यात महागडी चूक इथेच होते. त्या पहाटे आम्ही मंडळाला पावणेसातला कळवलं, कारण वरिष्ठ "आधी आकडा काढा" म्हणत राहिले. खालच्या वस्तीतल्या एका शेतकऱ्याने सहा वाजताच ओढ्यावरची मोटर लावली होती. पांढुरकं, आंबूस पाणी त्याच्या भाजीच्या वाफ्यात गेलं आणि ते त्याला आमच्याआधी कळलं. पाच वाजता कुणीतरी त्याच्याकडे मोटरसायकलवर गेलं असतं तर हे टळलं असतं. म्हणून माझ्या यादीत खालच्या बाजूचे पाणी वापरणारे पहिले येतात, कार्यालयं त्यांच्या सोबतच.

1. ओढ्याच्या खालच्या बाजूने मोटर लावणारे शेतकरी, विहीरमालक, आणि गावाची नळयोजना तिथून पाणी घेत असेल तर ग्रामपंचायत.
2. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे उपप्रादेशिक अधिकारी. फोन लागला नाही तर क्षेत्र अधिकारी, मग प्रादेशिक अधिकारी. सोबत ईमेल लगेच.
3. एमआयडीसीचे स्थानिक अभियंता, कारण गटार बहुधा त्यांचं असतं. सीईटीपीचे, म्हणजे अनेक कारखान्यांच्या सामायिक ईटीपीचे, सभासद असाल तर तिथेही.
4. मंडळाने दिलेल्या संमतीपत्राच्या अटींमध्ये लिहिलेली इतर कार्यालयं. पोलीस ठाणं, आरोग्य विभाग, कारखाने निरीक्षक, स्थानिक संस्था अशी नावं तिथे असू शकतात. तुमचं संमतीपत्र आजच काढून बघा आणि तीच यादी भिंतीवर लावा.

फोननंतर लगेच पाठवायचा मजकूर असा असावा:

> आज पहाटे ४.४० वाजता आमच्या ईटीपीची इक्वलायझेशन टाकी ओसंडत असल्याचं लक्षात आलं. फीड पंप बंद पडल्यामुळे प्रक्रिया न झालेलं सांडपाणी पावसाळी गटारातून ओढ्याला गेलं आहे. आवक ५.०० वाजता थांबवली, ओसंडणं ५.१० ला बंद झालं. प्राथमिक अंदाज २० ते ५० घनमीटर, मोजणी चालू आहे. गटाराचं तोंड अडवलं आहे. खालच्या बाजूच्या पाणी वापरणाऱ्यांना कळवत आहोत. जागेवर संपर्क : (नाव, हुद्दा, मोबाइल).

"किरकोळ गळती" हे शब्द टाळा. प्रक्रिया न झालेलं पाणी असेल तर तसंच लिहा. फोन कुणी घेतला, किती वाजता, काय सूचना दिल्या, हे लॉगबुकात उतरवा.

## टप्पा ५ : नमुने

धुण्यापूर्वी, पंप पूर्ववत होण्यापूर्वी चार ठिकाणचे नमुने घ्या: टाकी, गटाराचं तोंड, ओढ्यात मिसळण्याच्या जागेच्या वर आणि खाली. वरचा नमुना लोक विसरतात, आणि मग ओढ्यात आधीपासून काय होतं ते सांगता येत नाही.

पीएच आणि तापमान जागेवरच मोजा. पाणी किती प्रदूषित आहे ते सीओडी आणि बीओडी या मापांवरून कळतं. सीओडीच्या बाटलीत सल्फ्युरिक ॲसिड टाकून पीएच २ च्या खाली आणा. बीओडीच्या बाटलीत ॲसिड टाकायचं नाही, ती बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्यायची. तेल व ग्रीससाठी काचेची वेगळी बाटली. हे नमुने तुमच्या हिशेबासाठी आहेत. कलम २१ खाली मंडळाचे अधिकारी घेतात तो नमुना वेगळा. ते आले की तुमचेही नमुने घेतल्याचं त्यांना सांगा.

## टप्पा ६ : किती पाणी गेलं

एकाच पद्धतीवर विसंबू नका. दोन-तीन वेगळ्या वाटांनी आकडा काढा. ते जवळपास आले तरच त्यावर भरवसा ठेवा.

पहिली वाट, आवक-जावक. रात्री दहाला लॉगबुकात पातळी २.४ मीटर होती. पंप त्यानंतर दीड तास चालला, म्हणजे साडेअकराला बंद पडला. पाण्याच्या मीटरवर दहा ते पाच या सात तासांत १०५ घनमीटर वापर झाला, ताशी १५. मागच्या महिनाभराच्या नोंदींप्रमाणे आमच्याकडे वापराच्या ८० टक्के पाणी ईटीपीकडे येत होतं, म्हणजे आवक ताशी १२. दहा ते साडेअकरा १२ येत होते आणि ६ जात होते, त्यामुळे ९ घनमीटर वाढले आणि पातळी सुमारे २२ सेंटीमीटर चढून २.६२ मीटर झाली. काठापर्यंत उरली ३५ घनमीटर जागा. ताशी १२ ने ती भरायला २ तास ५५ मिनिटं. म्हणजे पाणी २ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास सांडू लागलं. सांडणं ५ वाजून १० पर्यंत, म्हणजे पावणेतीन तास चाललं, पण आवक ५ लाच थांबली होती. म्हणून २ तास ३५ मिनिटं, गुणिले १२, म्हणजे ३१ घनमीटर.

सुरुवातीची वेळ माणसांकडून पडताळा. आमच्या वॉचमनने दोनच्या फेरीला गटार कोरडं पाहिलं होतं. तीनच्या फेरीला त्यात पाणी दिसलं, पण ते कूलिंग टॉवरचं असेल असं त्याला वाटलं. २.२५ या वेळेशी हे जुळतं. वॉचमनला रागावून विचारलं असतं तर तो तीनच्या फेरीबद्दल बोललाच नसता.

दुसरी वाट, काठावरचा थर. रुंद भिंतीवरून सांडणाऱ्या पाण्यासाठी:

```
Q = 1.7 × L × h^1.5
```

यात L म्हणजे सांडणारी लांबी आणि h म्हणजे थर, दोन्ही मीटरमध्ये. Q घनमीटर प्रतिसेकंद येतो, त्याला ३६०० ने गुणलं की ताशी आकडा मिळतो. L दीड आणि h ०.०१३ घातले की ताशी साधारण १३.६ घनमीटर येतात. पावणेतीन तासांचे ३७. थर पातळ असताना ही वाट नाजूक असते. मोजमापात २ मिलिमीटरची चूक झाली की उत्तर जवळपास पावपट हलतं. म्हणून ती एकटी वापरू नका. शिवाय सांडण्याच्या सुरुवातीला थर आणखी पातळ असतो, त्यामुळे हा आकडा थोडा जास्तच येतो.

तिसरी वाट, गटार. १० मीटर ५५ सेकंदांत, म्हणजे सेकंदाला ०.१८ मीटर. पृष्ठभागावरचं पाणी तळापेक्षा वेगाने पळतं, म्हणून ०.८५ ने गुणा, ०.१५५ येतात. रुंदी ०.६, खोली ०.०४. गुणाकार केला की ताशी सुमारे १३.४ घनमीटर, पावणेतीन तासांचे ३७.

तिन्ही आकडे ३१ ते ३७ मध्ये आले, म्हणून अहवालात "सुमारे ३५ घनमीटर, ३१ ते ३७ च्या दरम्यान" असं लिहिलं. त्यातले ८ टँकरने परत आणले, ओढ्यात गेले सुमारे २७. हे तीन आकडे कायम वेगवेगळे लिहा. नुसते २७ लिहिले तर "टाकीतून किती सांडलं" या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

टाकीतल्या नमुन्याचा सीओडी लिटरला २४०० मिलिग्रॅम आला. तेवढेच ग्रॅम एका घनमीटरमध्ये असतात. २७ घनमीटरचे सुमारे ६५ किलो. ओढ्यावर किती भार पडला ते या आकड्यावरून कळतं. नुसत्या घनमीटरवरून कळत नाही.

तपासा: दोन वाटांची उत्तरं एकमेकांच्या दुप्पट असतील तर सरासरी काढू नका. एखादं गृहीतक चुकलंय. बहुधा आवक सलग धरलेली असते आणि प्रत्यक्षात सीआयपीचं पाणी दोन झपाट्यांत आलेलं असतं. उत्पादनाची नोंदवही मागवून तासागणिक पुन्हा मांडा.

## टप्पा ७ : लेखी अहवाल

पहिल्या संदेशानंतर मोजणी झाली की, शक्यतो त्याच दिवशी, दुसरा अहवाल द्या. त्यात आकडा बदलला असेल तर उघड लिहा: "पहाटे २० ते ५० कळवलं होतं, मोजणीनंतर ३१ ते ३७." हिशेबाची पानं, फोटो, लॉगबुकाच्या प्रती जोडा. लॉगबुकात खाडाखोड करू नका. चुकलं असेल तर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा आणि सही.

कारण लिहिताना "पंप ट्रिप झाला" एवढ्यावर थांबू नका. आमच्या अहवालात चार गोष्टी गेल्या: कचरा अडवणाऱ्या बार स्क्रीनचा एक गज वाकला होता म्हणून पिशवी आत आली, स्टँडबाय पंप दुरुस्तीला गेला होता, उंच पातळीचा फ्लोट स्विच चरबीच्या थरात अडकला होता म्हणून सायरन वाजला नाही, आणि अकरानंतर पातळीची नोंदच झाली नव्हती. चौथी गोष्ट लिहायला कुणी तयार नव्हतं. पण मंडळाचे अधिकारी आले तेव्हा त्यांनी आधी तेच पान उघडलं.

## टप्पा ८ : पुन्हा सुरू करताना

टँकरने आणलेलं पाणी आणि काठोकाठ भरलेली टाकी एकदम एअरेशनमध्ये, म्हणजे जिवाणूंना हवा देणाऱ्या टाकीत, सोडू नका. जिवाणूंवर अचानक भार आला की गाळ बसत नाही, क्लॅरिफायरमधून वाहून जातो आणि दोन दिवसांनी प्रक्रिया झालेलं पाणीही बिघडतं. आम्ही रोजच्या भाराच्या वर फक्त १० ते १५ टक्के जास्त देत सहा दिवसांत टाकी उतरवली. तोवर धुलाईची वेळ उत्पादनाने दिवसपाळीत आणली. फ्लोट स्विच आता दर सोमवारी हाताने उचलून सायरन वाजतो का ते पाहिलं जातं आणि वॉचमनच्या फेरीच्या वहीत "गटार कोरडं / ओलं" असा एक रकाना आहे.